उकळलेली कॉफी, कागदाची गाळणी आणि रक्तातील कोलेस्टेरॉल

उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो या शहरात आणि त्याच्या परिसरात हृदयविकाराचे प्रमाण मोठे होते, आणि त्याची कारणे शोधण्यासाठी तेथे दीर्घकाळ चालणारी लोकसंख्या-पाहणी हाती घेण्यात आली होती. या पाहणीतून 1983 साली डाग थेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. 20 ते 54 वर्षे वयाच्या चौदा हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांच्या नोंदी तपासल्यावर असे दिसून आले, की दिवसाला जितके अधिक कप कॉफी, तितके रक्तातील कोलेस्टेरॉल अधिक. वय, वजन, धूम्रपान, मद्यपान आणि व्यायाम यांचा हिशेब वेगळा काढल्यानंतरही हा संबंध टिकून राहिला. तो लहानसहान नव्हता, आणि नॉर्वेसारख्या भरपूर कॉफी पिणाऱ्या देशात त्याकडे दुर्लक्ष करणे शक्यही नव्हते.

तरीही हा निष्कर्ष अनेकांना पटला नाही, आणि त्यांच्या शंकेला आधार होता. अन्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, अशाच प्रकारच्या पाहण्यांतून कधी संबंध दिसत होता तर कधी अजिबात दिसत नव्हता. एकच पेय एका देशात कोलेस्टेरॉल वाढवते आणि दुसऱ्या देशात वाढवत नाही, हे जीवशास्त्राच्या दृष्टीने चमत्कारिक होते. त्यामुळे कॉफीसोबत खाल्ले जाणारे लोणी, केक आणि मलई यांच्याकडे बोट दाखवले गेले, आणि भरपूर कॉफी पिणाऱ्यांची एकूण राहणीच वेगळी असते असेही म्हटले गेले. या साऱ्या वादात एक साधी गोष्ट नजरेआड राहिली होती. प्रश्नावलीत कपांची संख्या विचारली जात होती. त्या कपातील कॉफी कशी तयार झाली, हे बहुधा कोणी विचारत नव्हते.

उत्तर नॉर्वेत, तसेच स्वीडन आणि फिनलंड यांच्या उत्तर भागांत, कॉफी करण्याची जुनी पद्धत अशी, की जाडसर दळलेली कॉफी किटलीतील पाण्यात टाकायची, ती उकळू द्यायची किंवा उकळत्या पाण्यातच काही वेळ राहू द्यायची, चोथा तळाशी बसला की वरचे पाणी कपात ओतायचे. मध्ये कोणतीही गाळणी येत नाही. याउलट कागदी गाळणीची पद्धत जर्मनीतील ड्रेस्डेन येथील मेलिटा बेंट्झ यांनी 1908 साली रूढ केली. त्यांनी प्रथम टिपकागद वापरून पाहिला होता, आणि पुढे युरोपात व अमेरिकेत ही पद्धत घरोघर पोहोचली. तिच्यात गरम पाणी कॉफीच्या पुडीवरून एकदाच जाते आणि कागदातून थेंबाथेंबाने खाली उतरते. या दोन्ही पेयांचा रंग जवळपास सारखा, गंध सारखा, त्यांतील कॅफिनही बरेचसे सारखे असते. त्यामुळे पाहणी करणाऱ्यांनी त्यांना एकाच नावाखाली मोजले, यात नवल नाही.

पद्धतीचा प्रश्न प्रत्यक्ष प्रयोगाने तपासण्याचे पहिले महत्त्वाचे काम ट्रॉम्सोमध्येच झाले. 1985 साली ओलाव फॉर्दे आणि सहकाऱ्यांनी कोलेस्टेरॉल वाढलेल्या 33 पुरुषांवर केलेल्या प्रयोगाचे निकाल प्रसिद्ध केले. काहींनी नेहमीप्रमाणे कॉफी चालू ठेवली, काहींनी दहा आठवडे पूर्ण बंद केली, आणि उरलेल्यांनी पाच आठवडे बंद ठेवून नंतर उकळलेली किंवा कागदातून गाळलेली कॉफी पुन्हा सुरू केली. कॉफी सोडणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल पहिल्या पाच आठवड्यांत सुमारे दहा टक्क्यांनी उतरले. उकळलेली कॉफी पुन्हा सुरू करणाऱ्यांत ते परत चढले, मात्र गाळलेली कॉफी घेणाऱ्यांत तशी लक्षणीय वाढ दिसली नाही. प्रयोग लहान होता, परंतु कोणत्या दिशेने शोध घ्यायचा हे त्याने निश्चित केले.

त्यानंतर 1989 साली नेदरलँड्समधील बाक आणि ग्रॉबे यांनी हाच प्रश्न कोलेस्टेरॉल सामान्य असलेल्या तरुणांपुढे नेला. 107 जणांना प्रथम तीन आठवडे गाळलेली कॉफी देण्यात आली, आणि मग चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, म्हणजे कोणाचीही निवड मध्ये न येता, त्यांची तीन गटांत वाटणी झाली. एका गटाला रोज चार ते सहा कप उकळलेली कॉफी, दुसऱ्याला तितकीच गाळलेली, आणि तिसऱ्याला कॉफीच नाही. नऊ आठवड्यांनंतर उकळलेली कॉफी पिणाऱ्यांचे एकूण कोलेस्टेरॉल सुमारे 0.48 मिलिमोल प्रति लिटर इतके वाढलेले आढळले. भारतातील प्रयोगशाळांच्या अहवालात वापरल्या जाणाऱ्या एककात ही वाढ साधारण 18 ते 19 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होते. या वाढीचा बहुतांश भाग एलडीएलचा होता. एलडीएल म्हणजे कमी घनतेचे लिपोप्रोटीन, म्हणजेच कोलेस्टेरॉल रक्तातून वाहून नेणारे ते कण, ज्यांचा धमन्यांच्या भिंतीत साचण्याचा धोका सर्वाधिक असतो.

आता प्रश्न असा उरला, की उकळलेल्या कॉफीत असे काय आहे, जे कागदातून गाळलेल्या कॉफीत नाही. कॅफिन पाण्यात विरघळते आणि कागदातून सहज पुढे जाते, त्यामुळे ते दोन्ही गटांना मिळत होते. त्याच्यावरचा संशय इथेच संपला. उकळण्याच्या उष्णतेने एखादा नवा पदार्थ तयार होत असावा, अशीही शक्यता होती. तिसरी शक्यता अशी, की दाण्यातील एखादा पदार्थ दोन्ही पद्धतींत पाण्यात उतरतो, परंतु कागद त्याला अडवतो. सर्वसाधारणपणे अशा वेळी प्रयोगशाळेतील प्राण्यांकडे वळले जाते, परंतु येथे ती वाट बंद होती, कारण उंदीर आणि इतर नेहमीच्या प्रयोगप्राण्यांत कॉफीने माणसासारखी कोलेस्टेरॉलवाढ दिसत नाही. उत्तर माणसाच्याच रक्तात शोधावे लागणार होते.

हे काम नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथील कृषी विद्यापीठात मार्टिन काटान यांच्या गटाने केले. पोषणशास्त्रात एखादा घटक इतक्या धीराने, एकेक पायरी चढत शोधून काढल्याची उदाहरणे फार थोडी आहेत, आणि म्हणून या भागाकडे जरा सावकाश पाहणे योग्य ठरेल. 1990 साली पीटर झॉक आणि सहकाऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर कॉफी उकळून ती सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे अतिवेगाने फिरवून हलके व जड घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात घातली, आणि वर जमलेला स्निग्ध थर काढून घेतला. कॉफीच्या दाण्यात तेल असते, आणि उकळलेल्या कॉफीवर कधी कधी दिसणारी बारीक चमकदार तवंगाची जाळी हे त्याच तेलाचे दृश्य रूप आहे. हा स्निग्ध अंश दहा स्वयंसेवकांनी सहा आठवडे रोज घेतला. परिणामी त्यांचे सरासरी कोलेस्टेरॉल 1.06 मिलिमोल प्रति लिटर, म्हणजे सुमारे 41 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढले, जी मूळ पातळीच्या 23 टक्के होती. ही वाढ लोणी किंवा तूप यांच्यासारख्या संपृक्त स्निग्धांशाने होऊ शकणाऱ्या वाढीच्या तुलनेत इतकी मोठी होती, की त्या तेलाच्या लहानशा मात्रेतील सामान्य चरबीने ती झाली असेल, असे मानणे शक्यच नव्हते. तेलातच वेगळे काहीतरी होते.

मात्र एवढ्याने कागदाची भूमिका सिद्ध होत नव्हती. उकळणे आणि गाळणे या दोन गोष्टी आतापर्यंतच्या प्रयोगांत एकमेकींत गुंतलेल्या होत्या. उकळलेली कॉफी न गाळता दिली जात होती, आणि गाळलेली कॉफी उकळलेली नव्हती. 1991 साली वान डुसेलडॉर्प आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाचे महत्त्व याच ठिकाणी आहे. त्यांनी दोन्ही गटांसाठी कॉफी एकाच पद्धतीने उकळली, आणि एका गटाला ती तशीच दिली, तर दुसऱ्या गटाला तीच उकळलेली कॉफी कागदातून गाळून दिली. तिसऱ्या गटाने कॉफी घेतली नाही. 64 निरोगी स्वयंसेवकांनी 79 दिवस हा नियम पाळला, आणि कॉफी घेणाऱ्यांना रोज सहा कप, म्हणजे सुमारे 0.9 लिटर कॉफी दिली गेली. न गाळलेल्या कॉफीत एका लिटरमागे सुमारे एक ग्रॅम स्निग्धांश होता, तर कागदातून गाळल्यावर तो 0.02 ग्रॅम उरला. म्हणजे कागदाने पन्नास भागांपैकी एकोणपन्नास भाग अडवून ठेवले. न गाळलेली कॉफी घेणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल गाळलेली घेणाऱ्यांपेक्षा सुमारे 0.42 मिलिमोल प्रति लिटर, म्हणजे 16 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने अधिक राहिले, आणि हा फरक जवळजवळ पूर्णपणे एलडीएलमधील होता. उकळण्याने काही नवे तयार होत नाही, आणि दोष आचेचा नसून न अडवलेल्या तेलाचा आहे, हे या एका मांडणीने स्पष्ट झाले.

तेलातील नेमका पदार्थ 1994 पर्यंत हाती आला. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेऑल नावाचे दोन डायटरपीन असतात. डायटरपीन म्हणजे वीस कार्बन अणूंच्या सांगाड्यावर उभे राहिलेले वनस्पतिजन्य संयुग. कॉफीत ते बहुतांशी स्निग्धाम्लांशी जोडलेल्या रूपात असते, आणि म्हणूनच ते पाण्यात न विरघळता तेलाच्या थेंबांत आणि पुडीच्या अतिसूक्ष्म कणांत राहते. हे दोन्ही पदार्थ शुद्ध करून दिल्यावर उकळलेल्या कॉफीसारखाच परिणाम झाला, आणि पुढील प्रयोगांतून असे दिसले, की त्यात प्रमुख वाटा कॅफेस्टॉलचा आहे. कागदाच्या तंतूंची जाळी आणि तिच्यावर साचलेला ओला चोथा मिळून तेलाचे थेंब व सूक्ष्म कण दोन्ही धरून ठेवतात. चहाच्या नेहमीच्या स्टीलच्या गाळणीला हे साधत नाही, कारण तिची भोके फक्त चोथा अडवण्यापुरती असतात आणि तेल त्यांतून बिनदिक्कत खाली जाते.

कॅफेस्टॉल शरीरात नेमके काय करते, याचे सर्वात विश्वासार्ह स्पष्टीकरण यकृत आणि पित्त यांच्या नात्यात सापडते. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते, ती आतड्यात स्निग्ध पदार्थ पचवण्यास मदत करतात, आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून बहुतेक सारी शोषली जाऊन यकृताकडे परत येतात. पुरेसे पित्ताम्ल आहे की नाही, हे आतड्याच्या पेशींतील एफएक्सआर नावाचा संवेदक ओळखतो, आणि पुरेसे असल्यास तेथून एक वाढघटक यकृताकडे जाऊन नवे पित्ताम्ल बनवणे थांबवण्याची सूचना देतो. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील संशोधकांनी 2007 साली उंदरांवर व पेशींवर केलेल्या अभ्यासातून असे दाखवले, की कॅफेस्टॉल हा संवेदक जागा करते. पित्ताम्ल भरपूर आहे अशी खोटी बातमी यकृताला मिळते, पित्ताम्ल बनवणारे मुख्य विकर मंदावते, आणि त्या कामी लागणारे कोलेस्टेरॉल यकृतात तसेच शिल्लक राहते. यकृतात कोलेस्टेरॉल पुरेसे असले की ते रक्तातून एलडीएल उचलण्याचे काम कमी करते, आणि एलडीएल रक्तातच फिरत राहते. माणसात या साखळीतील प्रत्येक कडी तितक्याच थेटपणे तपासली गेलेली नाही, परंतु निरीक्षणांशी ती चांगली जुळते.

वेगवेगळ्या पद्धतींतील कॅफेस्टॉलचे प्रमाण वाखेनिंगेनच्याच रॉब उर्गर्ट यांनी 1995 साली मोजले. स्कँडिनेव्हियन उकळलेली कॉफी, जाळीचा दट्ट्या खाली ढकलून केलेली फ्रेंच प्रेस कॉफी, आणि तुर्की पद्धतीची बारीक पुडीसह प्यायची कॉफी या तिन्ही वरच्या गटात येतात. त्यांच्या एका कपात ढोबळमानाने 3 ते 6 मिलिग्रॅम कॅफेस्टॉल असते. एस्प्रेसोमध्ये एका लिटरमागे ते भरपूर असले तरी कप लहान असल्यामुळे एका खेपेला पोटात कमी जाते. कागदातून गाळलेल्या कॉफीत आणि पाण्यात विरघळणाऱ्या इन्स्टंट कॉफीत ते नगण्य असते. दाण्याच्या जातीनेही फरक पडतो, कारण अरेबिका जातीत रोबस्टापेक्षा कॅफेस्टॉल अधिक असते आणि काहवेऑल तर जवळजवळ केवळ अरेबिकातच आढळते.

येथे भारतीय वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात घरोघरी करण्यात येणारी कॉफी पुष्कळदा इन्स्टंट असते आणि तिच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. परंतु उडुपी उपाहारगृहांतून सर्वांना परिचित झालेली दक्षिण भारतीय फिल्टर कॉफी ही नावाने फिल्टर असली तरी तिच्यात कागद नसतो, तर भोके असलेल्या धातूच्या तळावर दाबून बसवलेली पुडी असते. त्या पुडीचा जाड थर स्वतःच काही तेल धरून ठेवतो, कपात डिकॉक्शनचे प्रमाण थोडे असते, आणि मिश्रणातील चिकोरीमध्ये कॅफेस्टॉल अजिबात नसते. या तिन्ही गोष्टी प्रमाण कमी करणाऱ्या आहेत. तरीही तिला कागदी गाळणीच्या कॉफीइतकी निर्धोक मानण्यास आधार नाही. पुडी पातेल्यात दूध-पाण्यासोबत उकळून स्टीलच्या गाळणीने ओतलेली कॉफी मात्र तत्त्वतः नॉर्वेच्या किटलीतील कॉफीच होय. चहाही उकळला जातो, परंतु चहाच्या पानांत हे तेल नसल्यामुळे त्याला हा निष्कर्ष लागू करणे चुकीचे ठरेल.

वाढ किती होईल याचा अंदाज करण्यासाठी एक साधा हिशेब उपयोगी पडतो. प्रयोगांच्या एकत्रित निकालांवरून असे दिसते, की रोज 10 मिलिग्रॅम कॅफेस्टॉल पोटात गेल्यास सुमारे चार आठवड्यांत एकूण कोलेस्टेरॉल 5 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढते. एखादी व्यक्ती रोज चार कप फ्रेंच प्रेस कॉफी घेत असेल आणि प्रत्येक कपात 4 मिलिग्रॅम कॅफेस्टॉल असेल, तर रोज 16 मिलिग्रॅम पोटात जाते आणि अपेक्षित वाढ 8 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर येते. तिचे मूळ कोलेस्टेरॉल 190 असेल, तर ते 198 च्या आसपास जाईल. एका माणसाच्या दृष्टीने ही मोठी वाढ नव्हे, परंतु पुडी अधिक, कप मोठे आणि संख्या सहा-आठवर गेली, की हीच वाढ दुप्पट होते, आणि एलडीएल आधीच जास्त असलेल्या किंवा हृदयविकार झालेल्या माणसाला ती परवडणारी नाही. उर्गर्ट यांनी 1996 साली फ्रेंच प्रेस कॉफीवर केलेल्या सहा महिन्यांच्या प्रयोगात 46 जणांनी रोज पाच-सहा कप घेतले. न गाळलेली कॉफी घेणाऱ्यांचे एलडीएल 9 ते 14 टक्क्यांनी अधिक राहिले, आणि यकृताच्या पेशींवरील ताण दाखवणाऱ्या एएलटी या विकराचीही पातळी वाढली. कॉफी थांबवल्यानंतर ही वाढ ओसरली.

कागदाच्या बाजूनेही सर्व काही निर्विवाद नाही. अमेरिकेत 1992 साली आणि स्वीडनमध्ये 2003 साली प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित प्रयोगांत गाळलेल्या कॉफीनेही कोलेस्टेरॉल थोडेसे वाढल्याचे आढळले, आणि त्याचे कारण कॅफेस्टॉलच्या भाषेत नीट सांगता येत नाही. दुसरीकडे, नॉर्वेत पाच लाखांहून अधिक लोकांचा सरासरी वीस वर्षे मागोवा घेणाऱ्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गाळलेली कॉफी पिणाऱ्यांचे मृत्युप्रमाण कॉफी न पिणाऱ्यांपेक्षा कमी आणि न गाळलेली पिणाऱ्यांपेक्षाही कमी आढळले. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. त्यात कोणाला काय प्यायचे हे संशोधकांनी ठरवले नव्हते, त्यामुळे राहणीतील इतर फरक पूर्णपणे बाजूला काढता येत नाहीत, आणि गाळलेली कॉफी आयुष्य वाढवते असे विधान त्यावरून करणे घाईचे होईल. एलडीएलवरील परिणामाचा पुरावा मात्र वेगळ्या प्रतीचा आहे, कारण तो प्रत्यक्ष प्रयोगांतून आलेला आहे.

अलीकडे या प्रश्नाला एक नवे ठिकाण मिळाले आहे, ते म्हणजे कार्यालयातील कॉफीयंत्र. स्वीडनमध्ये 2025 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, पुडीवरून गरम पाणी धातूच्या जाळीतून सोडणाऱ्या अनेक यंत्रांतील कॉफीत कॅफेस्टॉल उकळलेल्या कॉफीपेक्षा बरेच कमी, परंतु कागदी गाळणीच्या कॉफीपेक्षा अनेक पटींनी अधिक आढळले. ज्याने घरी कागदी गाळणी आणली, तो कामाच्या ठिकाणी नकळत दुसरीच कॉफी पीत असू शकतो. याच मोजणीत उकळलेली कॉफी कापडातून गाळल्यावर कॅफेस्टॉल पुष्कळ घटल्याचे दिसले, म्हणजे दाट विणीचे कापड स्टीलच्या जाळीपेक्षा कागदाच्या कितीतरी जवळ जाते.

एखाद्याच्या कोलेस्टेरॉलमध्ये कॉफीचा हात आहे का, हे तपासण्याचा मार्गही याच माहितीतून निघतो. आहार, वजन आणि औषधे यांत काहीही बदल न करता, औषधे स्वतःच्या मनाने न थांबवता, केवळ कॉफीची पद्धत बदलून तितकेच कप कागदातून गाळून चार ते सहा आठवडे घ्यावेत, आणि त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करावी. त्यात एक अडचण आहे. एकाच माणसाचे कोलेस्टेरॉल काहीही न बदलता दोन तपासण्यांत पाच टक्के, कधी त्याहूनही अधिक वरखाली होते, त्यामुळे 190 वरून 184 वर आलेला आकडा काहीच सिद्ध करत नाही. बदलापूर्वी दोन आणि बदलानंतर दोन अशा चार तपासण्यांच्या सरासरींत 15-20 अंकांचा फरक पडला, आणि जुनी पद्धत पुन्हा सुरू केल्यावर तो मागे फिरला, तरच त्या व्यक्तीच्या बाबतीत किटली किंवा फ्रेंच प्रेस यांना जबाबदार धरता येईल.